लेबलवर 150 एएच, बॅकअप दीड तास

वारजेकर: इन्व्हर्टरच्या बॅटरीच्या लेबलचा फोटो टाकलाय. 12 व्होल्ट, 150 एएच, सी-20, उत्पादन 03/21, वॉरंटी 36+24. बिल जून 2021चं, म्हणजे साडेचार वर्षं झाली. 12 गुणिले 150 म्हणजे 1800. पंखे, टीव्ही, दिवे धरून माझा लोड 300 वॉट, म्हणजे सहा तास मिळायला हवेत. गुरुवारी लाइट गेली की दीड तासात शिट्टी वाजते. कंपन्या सरळ लुटतात. दुकानदार म्हणतो 200 एएचची घ्या. घेऊ का?

जुना_वायरमन: ‘लुटतात’ वाचलं म्हणून लिहितोय, नाहीतर पुढे गेलो असतो. फोटोत 150च्या शेजारी सी-20 छापलंय ना? म्हणजे साडेसात अँपिअरने, वीस तास सावकाश काढली तर 150. तुमचा 300 वॉटचा लोड, इन्व्हर्टर स्वतः खातो ते धरून, बॅटरीतून तीसेक अँपिअर ओढतो. त्या वेगाने कोरी बॅटरीसुद्धा 115-120च्या पुढे जात नाही. साडेतीन-चार तास, बस्स. सहा तास पहिल्या दिवशीही मिळाले नसते.

आता दीड तास मिळतो म्हणजे पंचेचाळीसेक एएच निघतात, नवीच्या चाळीस टक्के. बॅटरी थकलीय हे नक्की. मेली की उपाशी राहिली, ते मात्र लेबल सांगत नाही. पूर्ण चार्ज करून सहाही सेलमध्ये हायड्रोमीटर घाला. पाच सेल 1230च्या आसपास आणि एकच 1150 आला तर तो सेल गेला, बॅटरी बदला. सहाही सारखेच खाली असतील तर आधी इन्व्हर्टरचं चार्जिंग तपासा, नाहीतर नवीचीही तीच गत.

पुणेरी_पेठकर: एवढं गणित कशाला? सिरीयल नंबरचे पहिले दोन आकडे म्हणजे वर्ष, सगळ्यांना माहीत आहे. साडेचार वर्षं झाली, फेकून द्या.

जुना_वायरमन: सगळ्यांना म्हणजे कोणाला? कोणी वर्ष आधी घालतं, कोणी महिन्याला अक्षर देतं. इथे 03/21 स्पष्ट छापलंय तर सिरीयलचं ज्योतिष कशाला? आणि वॉरंटी बिलाच्या तारखेपासून धरतात, मार्चपासून नाही.

मीनल_धनकवडी: मग 60 महिने व्हायचेत, बदलून मिळेल की!

जुना_वायरमन: फुकट बदलून देण्याचे 36 संपले. उरलेल्या 24मध्ये एमआरपीवर सूट मिळते, आणि दुकानात नवी बॅटरी एमआरपीच्या बरीच खाली विकली जाते. जुनी भंगारात देऊन काय सुटतं, ते आधी विचारा. कधीकधी तेच बरं पडतं.

मीनल_धनकवडी: आमची तर तीन वर्षांतच गेली. तेव्हा दुकानदार म्हणाला, कार्डावर शिक्का नाही. शिक्का मारायचा कोणी, आम्ही?? असो. पाणी कोणतं घालता तुम्ही सगळे? आम्ही एसीचं घालतो, फुकट मिळतं.

पुणेरी_पेठकर: एसीचं पाणी म्हणजे डिस्टिल्डच. वाफेचं पाणी झालं. आमच्याकडे कायम तेच.

जुना_वायरमन: वाफेचं खरं, पण ते कॉइलवरून, तांबं-अ‍ॅल्युमिनियम आणि वर्षभराची धूळ धुऊन येतं.

पुणेरी_पेठकर: आरओचं चालतं का मग, महाराज?

जुना_वायरमन: नाही चालत. आरओमध्ये क्षार कमी होतात, जात नाहीत. क्लोराइड आणि लोह प्लेटवर बसतं, मग बॅटरी उभ्या-उभ्याच रिकामी होते. डिस्टिल्डचा कॅन काय सोन्याचा आहे?

पुणेरी_पेठकर: माझी बॅटरी सात वर्षं चाललीय एसीच्या पाण्यावर. तुमचं पुस्तक तुमच्यापाशी.

जुना_वायरमन: लाइट किती जाते तुमच्याकडे?

पुणेरी_पेठकर: पेठेत? क्वचित.

जुना_वायरमन: मग श्रेय महावितरणला द्या, एसीला नाही.

मीनल_धनकवडी: 😂 पण आमच्यात एकदा अ‍ॅसिड ओतून गेला माणूस, पातळी खाली होती म्हणून.

जुना_वायरमन: तिथेच संपली तुमची. उडतं ते पाणी, अ‍ॅसिड आतच राहतं. वर अ‍ॅसिड घातलं की हायड्रोमीटर छान आकडा दाखवतो आणि प्लेटा जळतात. वारजेकर, तुमच्याकडेही कोणी ओतलं असेल तर मी दिलेले आकडे विसरा.

वारजेकर: पाण्यावरून भांडा, पण 200चं सांगा की. अ‍ॅसिड कोणी घातल्याचं आठवत नाही.

जुना_वायरमन: इन्व्हर्टरच्या मागच्या लेबलचा फोटो टाका, चार्जिंग करंट किती लिहिलाय ते बघू. दहा अँपिअरचा असेल तर 200 भरायला चोवीस तास लागतील. रोज थोडीथोडी रिकामी होत असेल तर ती कधीच पूर्ण भरणार नाही, आणि अशाच बॅटऱ्या लवकर मरतात. पंधराच्या वर असेल तर घ्या खुशाल. नाहीतर 150चीच टॉल ट्यूब्युलर. घेताना उत्पादनाचा महिना बघा, सहा महिने पडलेला माल नको.

पुणेरी_पेठकर: लिथियम का नाही सांगत? पाणी नको, अ‍ॅसिड नको.

जुना_वायरमन: इन्व्हर्टरमध्ये लिथियमचा मोड असेल तर जरूर. जुन्या बहुतेकांत नसतो. हे मात्र तुम्ही बरोबर विचारलंत, निदान अर्धं.

वारजेकर: फोटो रात्री टाकतो. सहा तास मिळतात असं दुकानदारानेच सांगितलं होतं, कंपनीने नाही, एवढं मान्य. लुटलं कोणीतरी नक्कीच.