वेलपॉइंटमुळे शेजारची इमारत खचतेय, रिचार्जची ओळ कुठे घ्यावी?

खाडीलगतच्या प्लॉटवर 5 मीटर खोल तळघराचं खोदकाम चालू आहे. वरचे 6 मीटर बारीक गाळमिश्रित रेती, खाली 4 मीटर मऊ सागरी चिकणमाती, मग मुरूम. भूजल 1.5 मीटरवर होतं. वेलपॉइंट 1.2 मीटर अंतराने लावलेत, खड्डा कोरडा आहे.

अडचण 9 मीटरवरच्या तीन मजली इमारतीची, पाया उथळ फुटिंगचा. तीन आठवड्यांत तिचा जवळचा कोपरा 11 मिमी आणि लांबचा 4 मिमी खचला. जिन्याच्या भिंतीवर तिरकी भेग आली असून काचपट्टी लावली आहे.

रेती वाहून जात असेल असं आधी वाटलं. पंपाचं पाणी बादलीत रात्रभर ठेवलं, तळाशी गाळ बसला नाही. इमारतीजवळच्या पिझोमीटरमध्ये मात्र पाणी 2.6 मीटर उतरलंय, म्हणजे चिकणमातीवर सुमारे 26 kPa जादा भार. mv 0.5 m²/MN धरला तर अखेरचं खचणं 52 मिमीपर्यंत जातं, त्यामुळे थांबून पाहणं मला धोक्याचं वाटतं.

राफ्टला अजून पाच आठवडे लागतील, तोवर पंप बंद केला तर उतार ढासळेल. शीट पाइल ठोकायला कंपनांमुळे परवानगी नाही. म्हणून इमारतीच्या बाजूने रिचार्ज विहिरी घ्यायच्या आहेत. पंपाच्या पाण्याला लोहाचा तांबूस रंग आहे, जाळी बुजण्याची भीती वाटते.

या 9 मीटरमध्ये रिचार्जची ओळ इमारतीपासून किती अंतरावर घेतली, तर पाणी लगेच वेलपॉइंटकडे परत खेचलं जाणार नाही? आणि हेच पाणी टाकीत निवळून वापरता येईल, की टँकरचंच घ्यावं?