मदत हवी आहे: नोकरीच्या अर्जांच्या तक्त्यात प्रतिसाद 23% दिसतो, हाताने मोजला तर 46% येतो

अमळनेरकर_ताई:
नमस्कार मंडळी. माझा चुलतभाऊ चोपड्याला असतो. डिप्लोमा झाल्यापासून जळगाव एमआयडीसी, धुळ्याची अवधान एमआयडीसी, शिरपूर, नाशिक असे अर्ज टाकतो आहे आणि सगळं गूगल शीटमध्ये लिहून ठेवतो. त्याच्या प्रशिक्षण केंद्रातल्या सरांनी दोन आकडे मागितलेत: किती टक्के ठिकाणांहून उत्तर आलं, आणि उत्तर यायला सरासरी किती दिवस लागले. त्याने मला 30 जूनचा स्क्रीनशॉट पाठवलाय. मूळ शीट त्याच्याकडेच आहे.

B म्हणजे अर्जाची तारीख, C उत्तराची, E मध्ये `=C2-B2` खाली ओढलंय. चित्रात दिसतं तसंच उतरवते:

```
     B            C            E
2    05/05/2025   12/05/2025   214
3    06/05/2025   06/05/2025   0
4    08/05/2025   29/05/2025   #VALUE!
5    12/05/2025                -45996
6    14/05/2025   23/05/2025   #VALUE!
7    19/05/2025                #VALUE!
8    26/05/2025                #VALUE!
9    28/05/2025                #VALUE!
10   02/06/2025   05/06/2025   89
11   04/06/2025                -45753
12   13/06/2025   23/06/2025   #VALUE!
13   24/06/2025                #VALUE!
14   27/06/2025                #VALUE!
```

टक्केवारीला `=COUNT(C2:C14)/COUNTA(A2:A14)` आहे, ते 23% दाखवतं. मी बोटाने मोजलं तर 13 पैकी 6 उत्तरं, म्हणजे 46%. सरासरीच्या जागी तर नुसतं #VALUE!. पोरगा रोज विचारतो, सरांना काय सांगू? कुणीतरी नीट समजावा.

भुसावळचा_मन्या:
ताई, सरकारी भरतीला हे गणित चालतच नाही. माझा अर्ज भरून वर्ष उलटलं, अजून परीक्षेची तारीख नाही. त्याला म्हणावं, दिवस मोजत बसू नको.

अमळनेरकर_ताई:
मन्याभाऊ, तुमचं खरं आहे, पण हे सगळे खाजगी कंपन्यांचे अर्ज आहेत. आणि सरांना आकडे द्यायचेच आहेत.

हिशोबी_धुळे:
सोपं आहे. रिकाम्या ओळींमुळे गडबड होतेय. उत्तरच नाही तर वजाबाकी करायची नाही:

```
=IF(C2="","",C2-B2)
```

हे खाली ओढा. AVERAGE रिकामा मजकूर मोजत नाही, त्यामुळे सरासरी बरोबर येईल.

जळगाव_लेखापाल:
धुळेकरांचं सूत्र ठेवाच, त्याने -45996 सारखे आकडे जातील. पण 4, 6 आणि 12 या ओळींत दोन्ही तारखा भरलेल्या असूनही #VALUE! आहे, ते तसंच राहील. आणि दुसऱ्या ओळीतले 214 दिवस तर रिकाम्या खान्यामुळे आलेले नाहीतच. 5 मे ते 12 मे 7 दिवस होतात.

ताई, स्क्रीनशॉट मोठा करून एकच बघा. कुठल्या तारखा खान्यात उजवीकडे टेकल्यात आणि कुठल्या डावीकडे?

अमळनेरकर_ताई:
अगं बाई! खरंच दोन तऱ्हा आहेत. 05/05, 12/05, 02/06 या उजवीकडे. 29/05, 14/05, 23/06 या डावीकडे. एवढे दिवस चित्र बघतेय, हे डोळ्यात भरलंच नव्हतं.

जळगाव_लेखापाल:
मग रोग सापडला. शीट अमेरिकन पद्धतीवर आहे, तिथे महिना आधी असतो. त्याने 12/05 लिहिलं, शीटने 5 डिसेंबर वाचलं. 5 मे ते 5 डिसेंबर बरोबर 214 दिवस. दहाव्या ओळीत 6 फेब्रुवारी ते 6 मे झालं, म्हणून 89. आणि 29/05 मध्ये एकोणतिसावा महिना कुठून आणणार? म्हणून ती तारीख नुसता मजकूर म्हणून डावीकडे पडून राहिली.

तुमचे 23% सुद्धा तिथूनच. COUNT फक्त आकडे मोजतं, आणि C मध्ये खऱ्या तारखा तीनच: दुसरी, तिसरी आणि दहावी ओळ. 3 भागिले 13.

भावाला कॉम्प्युटरवर File, मग Settings, तिथे Locale मध्ये India निवडायला सांगा. पण तेवढ्याने भागत नाही. डिसेंबर झालेली तारीख डिसेंबरच राहते आणि मजकूर मजकूरच राहतो. तेरा ओळी आहेत, B आणि C पुन्हा टाइप करणं सगळ्यात खात्रीचं. झाल्यावर सगळ्या तारखा उजवीकडे टेकल्यात का बघा, आणि C2 ला नंबरचा फॉरमॅट देऊन पाहा. 45789 आलं तर 12 मे, 45996 आलं तर अजून डिसेंबर.

आणखी एक. तिसऱ्या ओळीत त्याच दिवशी उत्तर आलंय. D मध्ये काय लिहिलंय?

अमळनेरकर_ताई:
“अर्ज मिळाला, धन्यवाद” असं लिहिलंय.

जळगाव_लेखापाल:
ती आपोआप जाणारी पोच आहे, कुणी माणसाने अर्ज वाचलेला नाही. C3 रिकामं करा, पोच D मध्ये राहू द्या. ओळ मात्र काढू नका, तो अर्ज अजून उत्तराची वाट बघतोच आहे.

आता उरली पाच उत्तरं: 7, 21, 9, 3, 10 दिवस. बेरीज 50, सरासरी 10. मधला आकडा 9, म्हणजे त्या एका 21 ने सरासरी फारशी ओढली गेलेली नाही.

हिशोबी_धुळे:
म्हणजे टक्केवारी 13 पैकी 5, साधारण 38. पण 24 आणि 27 जूनचे अर्ज तर कालपरवाचे. त्यांना अजून वेळच मिळाला नाही. ते दोन काढा, 11 पैकी 5 म्हणजे 45%.

जळगाव_लेखापाल:
विचार बरोबर, पण काढताना उत्तर आलं की नाही हे बघायचं नाही, फक्त अर्जाची तारीख बघायची. तुम्ही ताज्यांपैकी गप्प असलेले काढताय आणि 13 जूनचा, ज्याला उत्तर मिळालं, तो ठेवताय. अशाने टक्का फुगतो.

मी म्हणेन, प्रत्येक अर्जाला तीन आठवडे द्या. 30 जूनला ज्यांचे 21 दिवस पूर्ण झाले ते 9 जूनपर्यंतचे, म्हणजे दुसऱ्या ते अकराव्या ओळीपर्यंतचे 10 अर्ज. त्यांत खरी उत्तरं 4. टक्का 40.

```
=COUNTIFS(B2:B14,"<="&DATE(2025,6,9),C2:C14,">0")/COUNTIF(B2:B14,"<="&DATE(2025,6,9))
```

आणि सरांना “सरासरी 10 दिवस” एवढंच सांगू नका. ती फक्त उत्तर देणाऱ्यांची सरासरी आहे. त्या 10 मधले 6 अर्ज 26 ते 55 दिवस नुसते पडून आहेत, ते तिच्यात कुठेच दिसत नाहीत. ते वाक्य सोबत द्याच, नाहीतर पोरगा दहा दिवसांनी आशा सोडेल किंवा दहाव्या दिवशी फोनकडे बघत बसेल.

नंदुरबार_एचआर:
मी भरतीच्याच कामात आहे. तीन आठवड्यांची मुदत लहान कारखान्यांना ठीक, पण मोठ्या ठिकाणी मंजुरी वर जाऊन खाली येईपर्यंत महिना सहज जातो. मी 30 दिवस धरते. शिवाय नकाराला उत्तरात धरावं हे मला पटत नाही. त्याला पुढे बोलावलं किती ठिकाणी, ते महत्त्वाचं.

जळगाव_लेखापाल:
30 दिवस धरले तर 31 मेपर्यंतचे 8 अर्ज आणि 3 उत्तरं राहतात, 37.5%. चालेल, फक्त मुदत आधी ठरवा आणि दर महिन्याला तीच ठेवा. नकाराबद्दल माझं मत वेगळं आहे. वाट बघणं नकारानेही संपतं, म्हणून दिवसांच्या हिशोबात तो हवाच.

अमळनेरकर_ताई:
दोघांचंही पटतंय, म्हणून बोलावण्यांचा आकडा वेगळ्या खान्यात लिहायला सांगते. आत्ता भावाशी बोलले, तो तारखा पुन्हा भरतोय. त्याने एक नवीनच काढलं: सातव्या ओळीतल्या कंपनीतून मे महिन्यात फोन आला होता, त्याला उचलता आला नाही, परत केला तर कुणी घेतला नाही. हे उत्तर धरायचं का?

नंदुरबार_एचआर:
धरा. आमच्याकडे पहिला संपर्क फोननेच होतो. कॉल लॉगमधली तारीख C मध्ये टाका, आणि त्याला सांगा, उद्या सकाळी अकराच्या सुमारास पुन्हा फोन कर.

जळगाव_लेखापाल:
मी नाही धरणार. फोन कशासाठी होता हेच कळलेलं नाही. उद्या बोलणं झालं की मग बघू.