शालीन लावणी म्हणजे बिनतर्रीची मिसळ का?

सायली: आमच्या कॉलेजचं स्नेहसंमेलन पंधरा दिवसांवर आलंय. मी लिहिलेली लावणी आम्ही चौघी करणार आहोत. समितीची अट एकच: खट्याळ चालेल, अचकटविचकट नको. पहिली ओळ अशी आहे: "तू नको दाखवूस मला कॉलेज रोडवर ऐट तुझ्या गाडीची". ढोलकीवाले दादा म्हणाले, "ताई, हे ठेक्यात बसत नाही." मैत्रीण म्हणते ठेका बदला, शब्द नको. आणि आमचा एक सिनियर म्हणतो, शालीन लावणी असं काही नसतंच. तुम्हाला काय वाटतं?

फडकरी: सिनियर बरोबर बोलतोय. या समित्यांना नऊवारी हवी असते, अंबाडा हवा असतो, घुंगरू हवे असतात, फक्त लावणी नको असते. शृंगार काढला की उरतं ते नऊवारी नेसलेलं बालगीत. त्यापेक्षा सरळ कोळीगीत करा, कोणी अडवणार नाही.

बेसवाला: ठेक्याचं एवढं काय घेऊन बसलीस? लावणी म्हणजे शेवटी केरवाच. चार दणके आणि वर टाळ्या. मी ट्रॅक बनवून देतो, शब्द कसेही असू देत, ओढूनताणून बसवता येतात. कॉलेजच्या पोरांना खालचा बेस छातीत लागला पाहिजे, बाकी कोण मोजतंय!

सिन्नरची सूनबाई: आमच्या वेळी मीही गॅदरिंगला लावणी केली होती. ठेक्यात बसत नाही म्हणजे घुंगरू ऐकू येत नसणार. आमचं हेच झालं. स्टेजवर जाड सतरंजी अंथरलेली, चौघींच्या पायांत भरपूर घुंगरू, आणि आवाज शून्य. मधल्या तोडीला नुसत्याच उड्या मारल्यासारखं दिसलं. सतरंजी काढायला लाव, फळ्यांवर नाच, आणि शक्य असेल तर एक माइक खाली जमिनीजवळ ठेव. आणि हो, काष्ट्याला पिना नाही, आतून टाके घाल.

हेमंत: सूनबाई, तिचा प्रश्न शब्दांचा आहे, घुंगरांचा नाही. मी मात्रा मोजल्या. ऱ्हस्वाला एक, दीर्घाला दोन. "तू नको दाख" आठ, "वूस मला कॉ" आठ, "लेज रोडवर" आठ, "ऐट तुझ्या गा" आठ, आणि "डीची" चार. केरव्याचं आवर्तन आठ मात्रांचं. म्हणजे ओळ तंतोतंत बसते. ढोलकीवाला उगाच भाव खातोय.

जुना ढोलकीवाला: हेमंतराव, मोजणी चोख आहे, निकाल चुकला. तुम्ही जिथे जिथे ओळ तोडलीत ते एकदा मोठ्याने वाचा. "तू नको दाख", मग "वूस मला कॉ", मग "लेज रोडवर". प्रत्येक आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर सम येते, तिथे ढोलकीचा धुम पडतो. म्हणजे या ओळीत धुम पडतो "वूस" वर, "लेज" वर आणि "डीची" वर. गाणारी म्हणते "दाखवूस", पण मागच्या रांगेतल्याच्या कानाला लागतं "वूस". शब्द मोजून बसला, ऐकायला फुटला. तुमचे दादा हेच सांगत होते, त्यांना ते पटकन बोटांनी कळतं, तोंडाने सांगता येत नाही.

सायली, एक गंमत बघ. सुरुवातीचा "तू" सोडला तर त्या अख्ख्या ओळीत समेवर नीट उभा राहिलेला शब्द एकच आहे, "ऐट". ओळीतला खट्याळपणा तिथेच आहे, पण तो येतो चौथ्या आवर्तनात, तोवर ऐकणारा दमतो. आणखी एक: तुझी ओळ जाते पाच आवर्तनं. तुम्हा चौघींच्या गिरक्या बहुतेक चार-चारच्या हिशेबाने बसवलेल्या असतील. मग पाचव्याला एकीची पाठ प्रेक्षकांकडे आणि तिघींची तोंडं, असं होतंय का?

सायली: काका, अगदी हेच होतंय! आम्हाला वाटलं नाचच चुकतोय.

जुना ढोलकीवाला: नाच चुकत नाहीये. ओळ अशी करून बघ, पहिलीत शब्द तुझेच आहेत, जागा बदलल्यात, दुसरी मी जोडली:

नको दाखवू / ऐट गाडिची / कॉलेज रोड / वरी
टाकि रिकामी / खिशात चिल्लर / मिशीला पीळ / तरी

आता समेवर काय येतं बघ. पहिल्या ओळीत नको, ऐट, कॉलेज. दुसरीत टाकी, खिसा, मिशी. नुसते समेवरचे शब्द ऐकले तरी पोरगा डोळ्यांसमोर उभा राहतो. प्रत्येक ओळ चार आवर्तनांची. शेवटच्या आवर्तनात "वरी" आणि "तरी" तीन-तीन मात्रांचे, म्हणजे पाच मात्रा मोकळ्या. ती जागा वाया गेलेली नाही. तिथे तू श्वास घ्यायचा, मागच्या मुलींनी झील धरायची, "जी जी रं जी", आणि ढोलकीवाल्याने बोलायचं. तुझ्या ओळीतही शेवटी चार मात्रा उरत होत्या, पण तोवर पाच आवर्तनांत तुझा श्वास संपलेला असणार.

"गाडीची" आणि "टाकी" ऱ्हस्व लिहिलंय, हात थरथरला म्हणून नव्हे. गाताना तिथे आखूडच म्हणायचं, नाहीतर आठाच्या नऊ होतात आणि पोरी धावत सुटतात.

हेमंत: मान्य. पण मग तुमच्याही ओळीत "रोडवरी" फुटलंच की! रोड एका आवर्तनात, वरी दुसऱ्यात.

जुना ढोलकीवाला: फुटलं, पण सांध्यावर. "रोड" हा पुरा शब्द झाला, "वरी" त्याला मागून जोडलेलं. "दाख" आणि "वूस" चं तसं नाही, तिथे हाड मोडतं. तरी तुमच्या कानाला खटकत असेल तर मी वाद घालणार नाही. माझ्या एका जोडीदारालाही अशी जागा खटकायची.

फडकरी: ठेका सुधारला, छान. माझा मुद्दा तसाच आहे. टाकी, चिल्लर, मिशी. यात शृंगार कुठे आहे? हे विनोदी गाणं झालं. आणि शालीन म्हणताना आपण नकळत असंही म्हणतो की फडावरच्या बाईची लावणी अशालीन. तिच्या जिवावर ही कला जगली आणि आता कॉलेजात तिला धुऊनपुसून घ्यायची, हे मला सहन होत नाही.

सिन्नरची सूनबाई: दुसरं वाक्य पटलं, पहिलं नाही. आमच्याच तालुक्यातल्या बावीचे शाहीर परशराम. त्यांनी अध्यात्माच्याही लावण्या लिहिल्या. सवाल-जवाबाच्या भेदिक लावण्यांत तर कोडी घालतात. मग त्या काय लावण्या नव्हेत?

फडकरी: आहेत. पण सायली अध्यात्म गाणार नाहीये, पोराची चेष्टा करणार आहे. चेष्टेत ओढ हवी. पोरगा आवडतो म्हणून ती छेडते, हे कुठे दिसतंय? आत्ता ती नुसता हिशेब तपासतेय.

जुना ढोलकीवाला: फडकरी, ही गोष्ट तुम्ही बरोबर पकडलीत. पण ती ओढ शब्दांतच हवी असं नाही. "तरी" नंतरच्या मोकळ्या मात्रा आहेत ना, तिथे तिने मिशीला पीळ दिल्याची नक्कल केली की हशा. त्याच जागी नुसतं मागे वळून बघितलं की ओढ. शब्द तोच, ठेका तोच. समितीला आक्षेप घ्यायला कागदावर काही सापडणार नाही. मला विचाराल तर ध्रुपद पहिल्यांदा येताना नक्कल, शेवटी येताना वळून बघणं. अंगावर, कपड्यांवर चेष्टा गेली की पोरं शिट्ट्या मारतात आणि ढोलकी ऐकूच येत नाही. मला त्याचाच जास्त राग.

बेसवाला: हे सगळं ट्रॅकवरही करता येईल. उगाच ढोलकीचा हट्ट. मोकळ्या मैदानात मागच्या हजार पोरांना ढोलकी ऐकू येते का कधी?

जुना ढोलकीवाला: ऐकू येत नाही, हे खरं. बहुतेक वेळा एकच माइक ठेवतात, तोही शाईच्या, बारीक आवाजाच्या तोंडाकडे. मग टणटण ऐकू येते आणि धुम गायब. दोन्ही तोंडांना वेगळा माइक लागतो, धुमकडचा जरा लांब. पण ट्रॅकचं दुखणं वेगळं आहे. प्रत्येक मात्रेवर सारखाच दणका दिलात तर सम कुठली ते कळणार कसं? आणि सायली "तरी" वर थांबली, लोक हसले, हसू ओसरेपर्यंत ढोलकीवाला तिथेच घोळत राहतो आणि तिच्या मानेच्या इशाऱ्यावर समेवर येतो. तुमचा ट्रॅक थांबेल का?

बेसवाला: ट्रॅक थांबत नाही, पण चुकतही नाही. पंधरा दिवसांत नवख्या पोरींना इशाऱ्यावर समेवर येणं जमेल? एकीने मान हलवली आणि दादांना दिसलीच नाही तर सगळंच कोसळेल. मी अशी गॅदरिंगं पाहिलीत.

जुना ढोलकीवाला: ही भीती खोटी नाही. म्हणून थांबा एकाच ठिकाणी ठेवा, शेवटच्या ध्रुपदात, आणि इशारा एकीनेच द्यायचा. ढोलकीवाला तिच्या समोरच्या बाजूला बसवा, विंगेत कोंबू नका. तेवढंही जमत नसेल तर ट्रॅक घ्या, मी नाक मुरडीन, पण घ्या.

सायली, एक काम आजच करा. चौघींनी नाच बाजूला ठेवून नुसत्या टाळीवर ओळी म्हणा, पहिल्या आणि पाचव्या मात्रेला टाळी. मग दुगुनीत, म्हणजे दुप्पट वेगात म्हणा. शेवट दुगुनीतच करायचा असतो. जीभ जिथे अडखळेल तो शब्द बदला. मला "कॉलेज रोड" ची धास्ती आहे, "ज" आणि "रो" एकमेकांवर पडतात.

सायली: म्हणून बघितलं. कॉलेज रोड जमतंय, "खिशात चिल्लर" ला दोघी अडल्या, मग त्याही सुधारल्या. फडकरी काका म्हणतात ती ओढ मला लिहिता येईना, पण कडवं जमलं असं वाटतंय:

मिसळ खायला / नेतोस आणि / पाकिट असतं / घरी

हेमंत: आठ, आठ, आठ, तीन. आणि एकही शब्द फुटत नाही. काकांच्या ओळीपेक्षा सरस!

फडकरी: "नेतोस" आलं, म्हणजे ही जाते तरी त्याच्याबरोबर. थोडी ओढ दिसली. लावणी अजूनही म्हणणार नाही.

सिन्नरची सूनबाई: समितीत आमच्यासारखी एखादी खोडसाळ बाई असेल तर ती "टाकि रिकामी" वरही भुवया उंचावेल, सांगून ठेवते. अर्थ काढणारे कशातूनही काढतात.

सायली: अरे देवा. ते माझ्या डोक्यातही नव्हतं. आता समितीसमोर म्हणताना मलाच हसू येणार.

बेसवाला: ट्रॅक नको तर नको. माझ्याकडून ही ओळ घे, फुकट:

पाव संपले / चार तरीही / पुन्हा मागतो / तर्री

जुना ढोलकीवाला: अहो, ही तुम्ही बोटांवर मोजलीत की सहज आली? "तर्री" चार मात्रांची, म्हणजे मागे चारच मोकळ्या राहतात. पाचांऐवजी चार, तेवढं ढोलकीवाल्याला आधी सांगून ठेव सायली. आणि त्यांना सकाळी लवकर गाठ, लग्नसराई आहे, दुपारनंतर माणूस हाताला लागायचा नाही.