सल्ला हवा : 12 गायी एकाच दिवशी भरवायच्या आहेत

राऊचा गोठा
इंदूरजवळ राऊला गोठा आहे, सगळ्या एचएफ संकरित. 7 गायी व्यायल्याला 60 दिवसांच्या वर झाले, 3 कालवडी आहेत आणि 2 गायींना 25 दिवसांपूर्वी रेतन झालंय. रेतनवाले दर वेळी वेळेवर येत नाहीत, माज हुकतो. इंजेक्शन देऊन सगळ्या दिवाळीआधी एकाच दिवशी भरवता येतील का?

मालवा डेअरी
सोपं आहे, दादा. प्रोस्टाग्लॅंडिन द्या, 11 दिवसांनी परत द्या. सगळ्या माजावर येतात. खर्चही कमी.

पशुवैद्य, महू
मालवा डेअरी, माज येतो हे खरं, पण एकाच दिवशी नाही. हे इंजेक्शन पीतपिंड विरघळवतं, म्हणजे बीज सुटल्यावर बीजांडावर बनणारी आणि पुढचा माज रोखून धरणारी गाठ. म्हणून बीजांडावर पीतपिंड हवा. माजानंतरच्या पहिल्या पाचेक दिवसांत तो कोवळा असतो, दाद देत नाही. म्हणून तर दुसरी सुई. तरीही पुढचा माज कधी, हे त्या वेळी बीजकोष, म्हणजे बीजांडावरचा बीज असलेला फोड, केवढा वाढलाय त्यावर ठरतं : कोणी दोन दिवसांत, कोणी पाचव्या दिवशी. म्हणजे माज बघत बसणं आलंच, आणि राऊवाल्यांची अडचण नेमकी तीच आहे.

त्यांना ओवसिंक लागेल, म्हणजे ठरलेल्या वेळी तीन सुया आणि ठरलेल्या वेळीच रेतन. पहिली सुई बुसेरेलिन 10 मायक्रोग्रॅम. मोठा बीजकोष असेल तर तो फुटतो आणि नव्या बीजकोषांची फळी सुरू होते. सात दिवसांनी क्लोप्रोस्टेनॉल 500 मायक्रोग्रॅम, हे प्रोस्टाग्लॅंडिनच, म्हणजे पीतपिंड जातो. मग 56 तासांनी पुन्हा बुसेरेलिन, आणि त्यानंतर 16 तासांनी माज दिसो न दिसो, रेतन. किती मिली भरायचं ते बाटलीवरची ताकद बघून ठरवा, सगळ्या कंपन्यांची सारखी नसते.

घड्याळ लावून सांगतो. मंगळवारी सकाळी 8 ला पहिली सुई. पुढच्या मंगळवारी सकाळी 8 ला क्लोप्रोस्टेनॉल. गुरुवारी दुपारी 4 ला तिसरी. शुक्रवारी सकाळी 8 ला रेतन. रेतनवाल्याला शुक्रवार आधीच पक्का करा. ते फार उशिरा आले तर लागण्याची शक्यता घटते.

राऊचा गोठा
म्हणजे बाराही गायींना मंगळवारी सुरू करू?

पशुवैद्य, महू
नाही! रेतन झालेल्या दोघींना अजिबात नाही. गाभण असतील तर क्लोप्रोस्टेनॉलने गर्भ पडेल. 25 दिवसांत हाताने कळत नाही, साठेक दिवसांनी तपासा आणि रिकामी निघाली तरच घ्या. बाकीच्या दहाही आधी तपासून घ्या, वळू मोकळा असेल तर नक्कीच.

कालवडींत ओवसिंक कच्चं पडतं. पहिल्या सुईला त्यांचा बीजकोष बऱ्याचदा फुटतच नाही, मग पुढचं सगळं वेळापत्रक हलतं. त्यांना प्रोस्टाग्लॅंडिन देऊन माज बघून भरवणं बरं. तीनच आहेत, नजर ठेवता येईल.

राहिल्या 7. त्यातल्या सातही लागतील अशी आशा धरू नका. थकलेल्या, हाडं दिसणाऱ्या गायी असतील तर आणखी कमी. चांगल्या गोठ्यात पहिल्या रेतनात दोन-तीन लागल्या तर पद्धत नीट चालली समजा.

सिमरोळच्या काकू
माझी गाय आठ महिने झाले माजावरच आली नाही. तिला हेच देऊ का भाऊ?

पशुवैद्य, महू
काकू, आधी बीजांड तपासून घ्या. पीतपिंडच नसेल तर क्लोप्रोस्टेनॉलला काम काय उरतं? अशा गायीत प्रोजेस्टेरॉनचं योनीत ठेवायचं साधन सात-आठ दिवस ठेवून मग पुढचं करतात. आणि पीतपिंड सापडला तर ती गाभण नाही ना, हे पहिलं बघा. माजावर न येण्याचं ते सगळ्यात साधं कारण.

मालवा डेअरी
क्लोप्रोस्टेनॉल मंगळवारी आणि बुधवारी, दोनदा द्यावं असं हल्ली सांगतात.

पशुवैद्य, महू
हो, काही गायींत एका सुईने पीतपिंड पुरता विरघळत नाही, दुसरीने फरक पडतो. सात गायींसाठी तो जादा खर्च करावा का, यावर माझं मत ठाम नाही. पहिल्या सुईनंतर नवा पीतपिंड बनलेला असेल तर उपयोग जास्त.

राऊचा गोठा
आणि शुक्रवारच्या आधीच एखादी माजावर आली तर?

पशुवैद्य, महू
तिला वेळापत्रकातून काढा. सोट दिसला, दुसरीला चढू देत उभी राहिली, तर बारा तासांच्या आसपास भरवा, उरलेल्या सुया नकोत. आणि ज्या शुक्रवारी भरवल्या त्या 18 व्या दिवसापासून आठवडाभर बघा. न लागलेल्या तेव्हाच एकदम उलटतात, म्हणजे पुन्हा माजावर येतात.

क्लोप्रोस्टेनॉल कातडीतून शिरतं. हातमोजे घाला. गरोदर बाईने आणि दम्याच्या माणसाने ती बाटली हातातही घेऊ नये.

सिमरोळच्या काकू
दिवाळीआधी भरवल्या तर व्यायला जुलैअखेर-ऑगस्ट येईल. ऐन चिखलात एकदम दोन-तीन वासरं, कोरडी जागा आहे का राऊवाले?

राऊचा गोठा
एकाच वासरापुरती आहे. शेडचं आधी बघतो.