शब्दचर्चा : पडदा दोन प्रकारे मोठा होतो, त्यांना वेगळे शब्द कोणते?

ग्रंथसखी

आमच्या वाचनालयात वाचकांसाठी ठेवलेल्या संगणकाशेजारी सूचनांचा एक मराठी कागद चिकटवलेला आहे. त्यात ‘पडदा लहान-मोठा करणे’ असे एकच कलम असून त्याखाली Settings मधील Scale बदलण्याची रीत दिली आहे. मागच्या आठवड्यात एका ज्येष्ठ वाचकांना ब्राउझरमधील अक्षरे मोठी करायची होती. त्यासाठी कंट्रोल आणि अधिकचे चिन्ह दाबायचे असते, पण त्यांच्या हातून कंट्रोलऐवजी जवळची विंडोजची कळ दाबली गेली आणि सगळा पडदाच दुप्पट झाला. कागदावर लिहिल्याप्रमाणे त्यांनी Scale 150 टक्क्यांवरून 100 टक्क्यांवर आणले. अक्षरे काहीशी लहान झाली, परंतु माउस हलवला की पडदा सरकतच राहिला. पुढे कोणीतरी Magnifier बंद केले, तेव्हा सगळे इतके बारीक दिसू लागले की त्यांना एक ओळही वाचता येईना.

हा कागद मला नव्याने लिहायचा आहे. बोलताना आपण या दोन्ही गोष्टींना ‘झूम’च म्हणतो. त्यांना वेगळे आणि वाचकांना लगेच कळतील असे मराठी शब्द कोणते योजावेत? शिवाय, नकळत सुरू झालेले हे साधन बंद होत नाही तेव्हा ‘अडकले’ म्हणावे का?

भूगोलाचे गुरुजी

हा भेद आमच्या विषयात जुनाच आहे आणि शब्दही तयार आहेत. लघुप्रमाणी नकाशावर भिंग धरले, तर गावाचे नाव मोठे दिसते, पण शाईचा फुगवटाही तितकाच मोठा दिसतो आणि भिंगाबाहेरचा नकाशा नजरेआड होतो. तोच प्रदेश बृहत्प्रमाणी नकाशात नव्याने रेखाटलेला असतो, त्यामुळे तेथे रेषा स्वच्छ असते. म्हणून पहिल्याला ‘भिंग’ आणि दुसऱ्याला ‘प्रमाण’ म्हणावे. प्रमाण हा शब्द शाळेत नकाशा शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतो.

शब्दनिष्ठ

गुरुजींच्या ‘प्रमाण’ या शब्दाला माझे पूर्ण अनुमोदन आहे. ‘भिंग’ मात्र वस्तूचे नाव आहे, क्रियेचे नाही. आपल्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत भिंगामुळे प्रतिमा किती पट होते, ते सांगण्यासाठी ‘विशालन’ हा शब्द आहे. हिंदीत त्याला ‘आवर्धन’ म्हणतात, तो उसना घेण्याचे कारण नाही. साधनाला ‘विशालक’ आणि क्रियेला ‘विशालन’ म्हटले की प्रश्न संपतो. ‘झूम’ हा शब्द छापील सूचनेत येऊच नये.

दुरुस्तीकार, सांगली

ताई, त्या वाचकांचा घोटाळा नेमका कोठे झाला ते आधी पाहू, कारण शब्द त्यावरच ठरतील. Scale 150 टक्के असताना अक्षर मूळ आकाराच्या दीडपट असते. विंडोज-कळ आणि अधिकचे चिन्ह दाबल्यावर Magnifier सुरू होऊन त्यावर दुप्पट झाली, म्हणजे अक्षर तिप्पट झाले. त्यांनी Scale 100 वर आणल्यावर ते दुप्पट उरले. सवयीच्या दीडपटीपेक्षा ते अजून मोठेच होते, म्हणून उपाय अर्धवट लागू पडल्यासारखा वाटला. Magnifier बंद होताच अक्षर एकपट राहिले, म्हणजे रोजच्यापेक्षा एक तृतीयांशाने लहान. दोन्ही गोष्टी एकमेकींवर स्वार होतात, पण एक फिरवल्याने दुसरी जात नाही.

ओळखण्याची खूण सोपी आहे. माउसचा बाण पडद्याच्या कडेला नेऊन ढकलावा. चित्र सरकले आणि खालची टास्कबार मधूनच दिसेनाशी होत असेल, तर ते Magnifier आहे. Scale कितीही वाढवले तरी टास्कबार जागेवरच राहते, फक्त जाड दिसते. Magnifier बंद करण्यासाठी `Win + Esc` दाबावे. अनेक जण विंडोज-कळ आणि उणेचे चिन्ह दाबत बसतात. त्याने 100 टक्क्यांपर्यंत येता येते आणि काम झाले असे वाटते, पण साधन पाठीमागे चालूच राहते.

डोंबिवलीकर

मला वाटते, हा सगळा रिझोल्यूशनचाच प्रकार आहे. 1920×1080 च्या पडद्यावर Scale 150 टक्के केले की तो पडदा 1280×720 चाच होतो. मॅकवर तर सेटिंगमध्ये पडदा 1440×900 सारखा दिसेल असे स्पष्ट लिहून येते. त्यामुळे ‘प्रमाण’ असा नवा शब्द आणण्याऐवजी ‘रिझोल्यूशन कमी करणे’ असे लिहिले, तर लोकांना पटकन समजेल.

दुरुस्तीकार, सांगली

मजकुराला मिळणाऱ्या जागेचा तुमचा हिशेब बरोबर आहे, परंतु ठिपक्यांचा नाही. रिझोल्यूशन खरोखर 1280×720 केले, तर प्रोग्रॅम तेवढ्याच ठिपक्यांत चित्र काढतो आणि ते 1920×1080 ठिपक्यांच्या पडद्यावर ताणले जाते, म्हणून अक्षरांच्या कडा मऊ पडतात. Scale 150 टक्के असताना जागा तेवढीच मिळते, पण अक्षर पडद्याचे सगळे ठिपके वापरून नव्याने रेखले जाते. मॅकवरील आकड्याच्या आधी Looks like असे शब्द असतात, ते याचसाठी. सूचनेत ‘रिझोल्यूशन कमी करा’ असे छापले, तर लोक रिझोल्यूशनच कमी करतील आणि नंतर पडदा अंधुक दिसतो म्हणून चष्म्याचा नंबर तपासायला जातील.

Magnifier या दोहोंहून निराळे आहे. प्रोग्रॅमने काढून पूर्ण केलेले चित्र ते घेते आणि शेवटच्या टप्प्यावर ताणते. प्रोग्रॅमला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून 200 टक्क्यांवर पडद्याचा फक्त चौथा हिस्सा, म्हणजे 960×540 ठिपक्यांचा तुकडा दिसतो. कडा गुळगुळीत करण्याची सोय त्यात आहे, पण मुळात नसलेला तपशील तिने येत नाही.

गुरुजींच्या दृष्टान्ताला एक मर्यादा मात्र सांगायला हवी. काही जुने प्रोग्रॅम नव्याने रेखाटायला शिकलेलेच नाहीत. Scale वाढवले की विंडोज त्यांचेही तयार चित्रच ताणते. आमच्याकडे येणाऱ्या हिशेबाच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये अक्षरे पुसट दिसतात ती यामुळेच. तेथे नाव प्रमाणाचे असले तरी काम भिंगाचे होते.

भूगोलाचे गुरुजी

ही माहिती मला नवी आहे आणि मोलाची आहे. जुना नकाशा छायाप्रतीच्या यंत्रावर मोठा केला, तर त्याखाली छापलेले प्रमाण खोटे ठरते, हे आम्ही मुलांना बजावत असू. तरीही सर्वसाधारण वाचकासाठी भिंग आणि प्रमाण हीच जोडी मला योग्य वाटते.

परदेशस्थ

माझा अनुभव फोनचा आहे, पण तो येथे लागू पडेल. नाशिकला राहणाऱ्या माझ्या आईच्या आयफोनचा पडदा एकदा असाच मोठा झाला आणि आत जायला आकडेही धड दिसेनात. मी तिला स्क्रीनशॉट पाठवायला सांगितले, तर आलेले चित्र अगदी नेहमीसारखे होते. कितीतरी वेळ मला वाटत राहिले की तिच्या डोळ्यांनाच काही झाले आहे. नंतर कळले की तीन बोटांनी दोनदा टिचकी मारल्यावर ते पूर्ववत होते. स्क्रीनशॉटमध्ये हे का दिसत नाही?

दुरुस्तीकार, सांगली

स्क्रीनशॉट ताणण्याआधीच्या चित्राचा निघतो, म्हणून दिसत नाही. अशा वेळी दुसऱ्या फोनने त्या पडद्याचा फोटो काढून मागवावा.

तुमच्या उदाहरणाने शब्दाचा प्रश्न मात्र अवघड केला आहे. आयफोनवर Accessibility मध्ये Zoom आहे, ते तीन बोटांचे. Display & Brightness मध्ये Display Zoom आहे, ते मात्र प्रमाणाच्या जातीचे. म्हणजे मूळ नावांतच एक शब्द दोन्हीकडे आहे. त्याच फोनवर Magnifier नावाचे तिसरेही आहे, आणि ते कॅमेऱ्याने औषधाच्या बाटलीवरील बारीक अक्षरे मोठी करून दाखवते. विंडोजसाठी ‘भिंग’ लिहिले आणि फोन वापरणाऱ्याने तो शब्द शोधला, तर तो भलत्याच जागी पोचेल.

शब्दनिष्ठ

मूळ नावे ढिसाळ आहेत, म्हणूनच आपले शब्द काटेकोर असले पाहिजेत. पडद्यासाठी ‘पटल-विशालक’ आणि कॅमेऱ्यासाठी ‘भिंग’ म्हणता येईल. Accessibility साठी ‘सुगम्यता’ आहेच. 2015 पासून ‘सुगम्य भारत अभियान’ चालू आहे, त्यामुळे तो शब्द आता अपरिचित राहिलेला नाही.

अल्पदृष्टी, नागपूर

मी विंडोजवर Magnifier रोज 300 टक्के ठेवून काम करतो, म्हणून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली गोष्ट अशी की आमच्यापैकी कोणी ‘विशालक’ म्हणत नाही. ‘भिंग लाव’, ‘भिंग काढ’ असे आम्ही म्हणतो, आणि लावणे-काढणे या क्रियापदांतच ते तात्पुरते असल्याचा अर्थ येतो. प्रमाण मात्र ‘ठेवतात’. मीही ते 125 टक्क्यांवर ठेवलेले आहे. त्याहून वाढवले तर माझ्या लहान पडद्यावर काही खिडक्यांची ‘ओके’ची बटणे खाली निघून जातात आणि तेथवर पोचताच येत नाही. भिंगात तसे होत नाही. दिसणारा भाग लहान असला तरी सरकत सरकत प्रत्येक बटणापर्यंत जाता येते. म्हणून मला दोन्ही लागतात.

दुसरी गोष्ट ‘अडकले’ या शब्दाची आहे. कृपया तो लिहू नये. भिंग बिघडलेले नसते, ते त्याचे काम चोख करत असते. ‘अडकले’ असे वाचून कोणीतरी तो शॉर्टकटच कायमचा बंद करून टाकतो, आणि मग त्या संगणकावर माझ्यासारख्याला भिंग शोधत बसावे लागते.

ग्रंथसखी

तुमचे म्हणणे मी कागदावर उतरवणार आहे. सध्याचा मसुदा असा आहे : ‘माउस हलवल्यावर पडदा सरकत असेल, तर भिंग लागलेले आहे, ते काढण्यासाठी `Win + Esc` दाबावे. पडदा स्थिर असून सगळेच मोठे किंवा बारीक दिसत असेल, तर Settings, System, Display येथे जाऊन Scale पाहावे. या संगणकावर ते 150 टक्के ठेवलेले आहे. भिंग लागलेले असताना Scale बदलू नये.’ Scale ला कंसात ‘प्रमाण’ लिहावे की नाही, हे अजून ठरलेले नाही.

डोंबिवलीकर

पडद्यावर Scale हाच शब्द दिसणार असेल, तर ‘प्रमाण’ वाचून वाचक तो कोठे शोधणार? शिवाय ‘प्रमाण’ म्हटले की निम्म्या लोकांना प्रमाणपत्र आठवेल.

शब्दनिष्ठ

शब्द वापरला नाही तर तो कधीच रुळणार नाही. कंसात तरी तो असलाच पाहिजे.

परदेशस्थ

भिंग काढले आणि संगणक पुन्हा सुरू केल्यावर ते परत आले, तर काय करावे? आईच्या शेजाऱ्यांकडे तसे होते.

दुरुस्तीकार, सांगली

Settings मध्ये Accessibility आणि त्यात Magnifier उघडावे. साइन-इन केल्यावर आणि साइन-इनच्या आधी भिंग सुरू करण्याचे दोन वेगळे पर्याय तेथे आहेत. खटपट करताना त्यांपैकी एखाद्यावर खूण झालेली असते. कोणती खूण काढायची हे भिंग केव्हा दिसू लागते त्यावरून ठरेल. पासवर्ड टाकण्याच्या पडद्यावरच ते असते की त्यानंतर येते, एवढे शेजाऱ्यांना विचारून सांगा.