मदत हवी आहे: इअरबड्स घालून कॉलवर बोलताना स्वतःचा आवाजच नीट ऐकू येत नाही, साइडटोन कसा चालू करायचा?

सायली_पुणे:
नमस्कार मंडळी. माझं काम घरून आहे, दिवसातले चार-पाच तास कॉलवर जातात, काही साध्या फोनवर आणि बाकी लॅपटॉपवर मीट. रबरी टिपवाले, कानात घट्ट बसणारे एएनसी बड्स वापरते, दोन-अडीच हजारांतले. घातले की माझा आवाज मला डोक्यातल्या डोक्यात घुमल्यासारखा येतो आणि शब्द स्पष्ट लागत नाहीत, मग नकळत आवाज चढतो आणि पलीकडच्या खोलीतून सासूबाई विचारतात की कोणाशी भांडतेयस का. संध्याकाळपर्यंत घसा बसतो. बड्सच्या अ‍ॅपमध्ये ट्रान्सपरन्सी मोड आहे, गाणी ऐकताना तो छान चालतो, स्वतःचं बोलणंही नीट ऐकू येतं, पण कॉल लागला की आपोआप बंद होतो. असं का होतं आणि कॉलमध्ये चालू ठेवायचा काही मार्ग आहे का?

दादर_लोकल:
सेम प्रॉब्लेम! मला तर माझाच आवाज अर्ध्या सेकंदाने परत ऐकू येतो, डोकं उठतं.

सायली_पुणे:
@दादर_लोकल तुमचं उलटं दिसतंय, मला माझा आवाज हवा आहे.

जुना_एक्स्चेंजवाला:
सायलीताई, मी टेलिफोन खात्यात होतो. काळ्या डबड्या फोनमध्ये माउथपीसवर फुंकर मारली की ती रिसीव्हरमध्ये ऐकू यायची, लाइन जिवंत आहे हे आम्ही तसंच बघायचो. तोच साइडटोन. तो मुद्दाम मापात ठेवावा लागे, जास्त झाला तर माणूस पुटपुटतो आणि कमी झाला तर ओरडतो. तुमचं ओरडणं त्यातलंच. मोबाइल कानाला लावून बोलता तेव्हा मोबाइलसुद्धा थोडा साइडटोन देतो, त्यामुळे ब्लूटूथवर तो मिळत नसेल तर दोष मोबाइलचा आहे, सेटिंगमध्ये शोधा.

मिहीर_ऑडिओ:
काका, ओरडण्याचं कारण अगदी बरोबर, पण ब्लूटूथवर साइडटोन मोबाइलने देऊन भागत नाही. आवाज बड्सच्या माइकमधून मोबाइलला जाऊन परत कानात यायला शे-दोनशे मिलिसेकंद सहज लागतात, आणि स्वतःचा आवाज साधारण २०० मिलिसेकंद उशिरा कानावर आला की भलाभला वक्ता अडखळतो. म्हणून साइडटोन बड्सच्या आतल्या चिपनेच द्यायचा असतो, माइकवरून थेट स्पीकरला, काही मोजक्या मिलिसेकंदांत. बनवणाऱ्याने ते फर्मवेअरमध्ये घातलं नसेल तर फोनमधून काही करता येत नाही.

सायली, तुमच्याकडे दोन गोष्टी एकत्र होतायत. आपला आवाज आपल्याला दोन वाटांनी ऐकू येतो, तोंडातून हवेतून कानात आणि जबड्याच्या हाडांतून आतल्या आत. टिपने कान बंद झाला की हवेची वाट अडते, त्या वाटेने येणारे 'स', 'श', 'त' असे बारीक आवाज जातात आणि शब्द लागत नाहीत. हाडातून येणारा खालचा घुमणारा आवाज एरवी कानाच्या भोकातून बाहेर निसटतो, तो आता आतच कोंडतो आणि मोठा होतो. करून बघा, दोन्ही कान बोटांनी बंद करून आधी लांब 'आ' म्हणा, मग लांब 'ई'. 'ई' जास्त घुमेल, कारण तोंड मिटलेलं असताना कानापर्यंत जास्त कंप पोचतो. त्यात एएनसी चालू असेल तर आजूबाजूचा आवाजही जातो आणि खोली मेल्यासारखी वाटते.

मिहीर_ऑडिओ:
आता मोड कॉलमध्ये बंद का होतो ते. कॉल सुरू झाला की बाहेरचे माइक तुमचा आवाज टिपायला आणि गोंगाट कापायला लागतात. तेच माइक, तीच छोटी चिप, एकाच वेळी ट्रान्सपरन्सीसुद्धा चालवायची तर जास्त ताकद लागते, आणि कानात सोडलेला आवाज परत माइकमध्ये शिरून समोरच्याला प्रतिध्वनी जाऊ नये हेही सांभाळावं लागतं. स्वस्त बड्समध्ये सरळ बंद करून टाकतात. महागड्यांत सोय असते पण प्रत्येकाने नाव वेगळं ठेवलंय. गॅलेक्सी बड्सच्या बऱ्याच मॉडेल्सना वेअरेबल अ‍ॅपमध्ये Use ambient sound during calls आहे, बोसमध्ये Self Voice, जाब्राच्या अ‍ॅपमध्ये चक्क Sidetone आणि त्याला कमी-जास्त करायची पट्टी. एअरपॉड्स प्रोला वेगळी सेटिंग लागत नाही, कॉलमध्ये ट्रान्सपरन्सी लावली की झालं.

कोथरूडकर९:
एवढं कशाला, प्ले स्टोअरवर माइकचा आवाज स्पीकरला देणारी अ‍ॅप्स आहेत. विंडोजमध्ये तर माइकच्या प्रॉपर्टीजमध्ये Listen to this device आहे, टिक करा. मी वापरतो, मस्त चालतं.

मिहीर_ऑडिओ:
@कोथरूडकर९ तुमचा हेडसेट वायरचा आहे का? वायरवर उशीर थोडा कमी असतो, काही जणांना चालून जातं. ब्लूटूथवर मात्र वर सांगितलेला उशीर लागतोच.

कोथरूडकर९:
हो, यूएसबीचा आहे.

सायली_पुणे:
मिहीर, 'आ' आणि 'ई' करून बघितलं, फरक इतका स्पष्ट आहे की मुलीलाही करायला लावलं. अ‍ॅप पूर्ण पालथं घातलं पण साइडटोन, सेल्फ व्हॉइस असलं काहीही नाही. म्हणजे माझ्या बड्सवर काहीच करता येणार नाही का? नवीन घ्यायचे नाहीत लगेच.

मिहीर_ऑडिओ:
लॅपटॉपवर करता येईल. ब्लूटूथ बड्सचा माइक वापरायला घेतला की ते कॉलच्या मोडमध्ये जातात आणि तुमची ट्रान्सपरन्सी तिथेच मरते. माइक घेतलाच नाही तर ते गाण्याच्याच मोडमध्ये राहतात. म्हणून मीटच्या सेटिंगमध्ये ऑडिओत जाऊन मायक्रोफोन लॅपटॉपचा निवडा आणि स्पीकर म्हणून बड्स. विंडोज जुनं असेल तर बड्स दोनदा दिसतील, एक Stereo आणि एक Hands-Free, त्यातलं Stereo घ्या. मग बड्सवर ट्रान्सपरन्सी लावा. समोरच्यांचा आवाज एकदम भरदार झाला तर समजा जमलं, पूर्वीसारखा चेपलेला राहिला तर कुठलं तरी दुसरं अ‍ॅप अजून बड्सचा माइक धरून बसलंय. तोटा एवढाच की लॅपटॉपचा माइक लांब असतो, पंखा आणि कीबोर्ड ऐकू जातो.

साध्या फोनकॉलला ही युक्ती चालत नाही. तिथे एक बड डबीत ठेवा आणि एकाच कानाने बोला, उघड्या कानातून स्वतःचा आवाज येतो.

मृण्मयी_ठाणे:
मी ट्रान्सपरन्सीवरच कॉल घेते, एक सांगून ठेवते. फोनवर म्यूट केलं तरी आपला आवाज कानात येतच राहतो कारण तो बडमधूनच येतोय. त्यामुळे आवाज येतोय म्हणजे अनम्यूट आहे असं धरू नका, स्क्रीन बघा.

सायली_पुणे:
आज दुपारच्या मीटला लॅपटॉपचा माइक लावला. ट्रान्सपरन्सी शेवटपर्यंत चालू राहिली आणि मी हळू बोलत होते, समोरच्यांना सगळं ऐकू गेलं, फक्त पंखा एकावर ठेवावा लागला. फोनसाठी एक बड. पण एक कळलं नाही, फोनवर व्हॉट्सअ‍ॅप कॉल लागल्यावर ट्रान्सपरन्सी दोन-तीन सेकंद टिकते आणि मग जाते, साध्या कॉलला लगेच जाते. असं का?

मिहीर_ऑडिओ:
माइकचा मोड कधी चालू करायचा हे प्रत्येक अ‍ॅप आपल्या वेळेने ठरवतं, त्यामुळे असेल असा अंदाज आहे. बड्सचं मॉडेल आणि फोनची अँड्रॉइड आवृत्ती टाका, कोणाकडे तेच असेल तर बघून सांगेल.

दादर_लोकल:
माझं पण बघा ना कोणीतरी. परत ऐकू येतो म्हणजे नक्की काय बिघडलंय?

जुना_एक्स्चेंजवाला:
तो प्रतिध्वनी, तो बहुतेक वेळा समोरच्याकडून येतो. त्याच्या स्पीकरमधून तुमचा आवाज त्याच्याच माइकमध्ये शिरतो. त्याला इअरफोन लावायला सांगा किंवा स्पीकरचा आवाज कमी करायला. थांबला तर खोट त्याच्या बाजूला. प्रत्येकाशी बोलताना होत असेल तर मात्र तुमची बाजू तपासावी लागेल, फोनचं मॉडेल सांगा.