प्रतिसाद: बीपीचे आकडे आणि शून्याचा मोह

"मशीन तेच, पेशंट तेच, मग कोण मोजतंय याने फरक का पडावा?"

पाऱ्याच्या मशीनवर बीपी 2-2 च्या टप्प्याने वाचतात, म्हणजे शेवटी 0, 2, 4, 6, 8 साधारण 20-20 टक्के यायला हवेत, पण रजिस्टर चाळलं की निम्मे आकडे 130, 140 असे शून्यावर संपलेले दिसतात, तिथेच समजायचं की कान ऐकतोय पण हात राउंड करतोय! त्यात औषध कोणाला चालू आहे हे माहीत असेल तर 142 चं 140 नकळत होतं. म्हणून औषधाच्या चाचणीत कोण औषधाच्या गटात आणि कोण दुसऱ्या, हे मोजणाऱ्याला सांगायचंच नाही, यालाच ब्लाइंडिंग म्हणतात. रँडम झीरो मशीनमध्ये तर पाऱ्याचं शून्यच सरकवलेलं असतं, खरा आकडा नंतर वजाबाकी करून कळतो. ट्रेनिंगमध्ये दोघं एकाच जोड-स्टेथोस्कोपने ऐकून एकमेकांना न दाखवता आकडा लिहितात, मग ताडून बघतात.

"मीठ कमीच खाता ना?" असं उत्तर सुचवत विचारलं की लोक हो म्हणतात, त्यामुळे प्रश्न छापील शब्दांतच वाचायचा.

हॉथॉर्न इफेक्ट, म्हणजे आपल्यावर लक्ष आहे म्हणून पेशंटचं वागणंच बदलणं, मात्र ब्लाइंडिंगने जात नाही, कारण ते लक्ष पेशंटला माहीतच असतं. तिथे दोन्ही गटांना सारख्याच व्हिजिट द्याव्या लागतात.